नूतनीकरणाच्या वेळी नवा आजार सांगायचा का?

आधीपासून असलेल्या आजारांसाठी लागू होणारा प्रतीक्षा काळ लेखमालेच्या मागच्या भागात पाहिला. पॉलिसी घेतली तेव्हा माणूस ठणठणीत होता आणि आजार नंतर उपटला, तर काय? पॉलिसीचे तिसरे वर्ष चालू असते. थकवा जाणवतो म्हणून लॅबमध्ये रक्त तपासले जाते, रिपोर्टमध्ये एचबीए1सी 8.1 येते आणि डॉक्टर मधुमेहाची गोळी सुरू करतात. मार्चमध्ये कंपनीचा नूतनीकरणाचा मेसेज येतो, तेव्हा घरात दोन भीतींची ओढाताण सुरू होते. आजार सांगितला तर कंपनी प्रीमियम वाढवेल किंवा पॉलिसीच बंद करेल, ही एक. लपवला तर पुढे क्लेम नाकारला जाईल, ही दुसरी. बहुतेक घरांत या ओढाताणीचा शेवट गप्प बसण्यात होतो.

पहिली भीती मुख्यतः गैरसमजावर उभी आहे. पॉलिसीचे नूतनीकरण म्हणजे तोच करार पुढच्या वर्षासाठी चालू ठेवणे. बिमन कृष्ण बोस विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या 2001 च्या मेडिक्लेम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरणाचा अर्थ असाच लावला: मूळ पॉलिसीची त्याच अटींवर पुनरावृत्ती. पुढे विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, हे नियमांत पक्के केले. मागच्या वर्षी क्लेम घेतला या कारणावरून नूतनीकरण नाकारता येत नाही. एकट्या ग्राहकाच्या क्लेमकडे पाहून त्याच्यावर लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लावता येत नाही. मे 2024 च्या परिपत्रकानुसार, विमा रक्कम वाढवलेली नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी ग्राहकाची जोखीम नव्याने तपासताही येत नाही. प्रीमियम तरीही वाढू शकतो, पण तो ग्राहक पुढच्या वयोगटात गेला म्हणून किंवा त्या योजनेचे दर सगळ्यांसाठीच बदलले म्हणून.

आता आजाराकडे वळू. आधीपासूनचा आजार कोणता, हे ठरवताना नियम तारीख पाहतो. पॉलिसी लागू होण्याच्या दिवसाआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचे निदान केले, किंवा ज्यावर सल्ला वा उपचार दिले, तो आधीपासूनचा आजार. पॉलिसी सुरू झाल्यानंतर अडीच वर्षांनी निदान झालेला मधुमेह या व्याख्येत बसत नाही. पुढे कितीही वेळा नूतनीकरण झाले तरी, पॉलिसीत खंड पडला नाही तर, तो ‘नंतरचा’ आजारच राहतो. विमा काढलेला असतो तो नेमका अशाच आजारासाठी.

मग सांगायचे कशाला? याचे उत्तर कंपनीने काय विचारले आहे, यावर अवलंबून आहे. प्रमाणित पॉलिसीमध्ये माहिती उघड करण्याचे एक कलम असते. महत्त्वाची वस्तुस्थिती दडवली किंवा चुकीची सांगितली तर पॉलिसी रद्दबातल ठरेल आणि भरलेला प्रीमियम जप्त होईल, असे ते बजावते. त्याखालचे स्पष्टीकरण मात्र फार थोडे लोक वाचतात. महत्त्वाची वस्तुस्थिती म्हणजे कंपनीने प्रपोजल फॉर्ममध्ये आणि त्याला जोडलेल्या कागदपत्रांत जी माहिती मागितली आहे ती, असे तिथे म्हटलेले असते. म्हणजे ग्राहकाची जबाबदारी मुख्यतः विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याची आहे. नूतनीकरणाच्या नोटिशीत फक्त रक्कम आणि शेवटची तारीख असेल, प्रकृतीबद्दल एकही प्रश्न नसेल आणि पॉलिसीत आणखी काही अट घातलेली नसेल, तर ग्राहकाने काही लपवले असे म्हणायला आधार उरत नाही.

अडचण होते ती दोन ठिकाणी. काही पॉलिसींत, प्रपोजल फॉर्ममध्ये दिलेल्या माहितीत महत्त्वाचा बदल झाला तर तो दर नूतनीकरणाच्या वेळी लेखी कळवावा, अशी वेगळी अट असते. ती पॉलिसीच्या पुस्तिकेत शेवटी, सर्वसाधारण अटींमध्ये सापडते. दुसरे ठिकाण म्हणजे पैसे भरण्याचा स्क्रीन. ‘माझ्या व कुटुंबीयांच्या प्रकृतीत गेल्या वर्षात कोणताही बदल झालेला नाही’ अशा अर्थाची एक ओळ, तिच्यापुढे चौकोन आणि खाली पैसे भरण्याचे बटण. घाईत टिक केली जाते, कधी एजंटच ती करून टाकतो. ती टिक म्हणजे ग्राहकाचे निवेदन. मधुमेहाची गोळी चालू असताना ती केली तर कंपनीच्या हाती ग्राहकाने दिलेले एक खोटे विधान येते, आणि जो क्लेम सरळ मंजूर व्हायला हवा होता त्यात वादाला जागा मिळते. खरे सांगून काही बिघडणार नव्हते, म्हणून हे अधिकच वाईट.

तेव्हा विचारले असेल तर आजाराचे नाव, निदानाची तारीख आणि चालू औषध एवढे लिहावे. स्क्रीनवर तशी जागा नसेल तर पैसे भरण्याआधी कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर दोन ओळींचा ईमेल पाठवावा आणि त्याची प्रत जपावी. एजंटला फोनवर सांगितले, हे पुरावा म्हणून टिकत नाही. पॉलिसीत बदल कळवण्याची अट असेल तर प्रश्न नसतानाही हा ईमेल पाठवलेला बरा.

विमा रक्कम वाढवायची ठरली की चित्र बदलते. एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका शिक्षकांनी 1 एप्रिल 2020 रोजी 5 लाखांची पॉलिसी घेतली. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांना मधुमेहाचे निदान झाले. 1 एप्रिल 2024 च्या नूतनीकरणात त्यांनी रक्कम 10 लाख केली. वाढलेले 5 लाख हे कंपनीच्या दृष्टीने नवे ओझे आहे, म्हणून तेवढ्यापुरती तपासणी करण्याचा, प्रश्न विचारण्याचा किंवा वाढ नाकारण्याचाही अधिकार तिला आहे. समजा, शिक्षकांनी मधुमेह सांगितला आणि कंपनीने वाढ मान्य केली. आता एकाच पॉलिसीत एकाच आजाराची दोन रूपे झाली. पहिल्या 5 लाखांसाठी मधुमेह नंतरचा आहे. वाढीव 5 लाखांसाठी तो आधीपासूनचा आहे, आणि प्रतीक्षा काळ 36 महिन्यांचा असेल तर तो 31 मार्च 2027 ला संपतो.

ऑगस्ट 2025 मध्ये मधुमेहामुळे पायाची जखम चिघळली, शस्त्रक्रिया झाली आणि बिल 6 लाख 40 हजार आले. जुन्या 5 लाखांपर्यंतचा खर्च पॉलिसीच्या इतर मर्यादांना धरून मिळेल. वरचे 1 लाख 40 हजार घरातून भरावे लागतील, कारण वाढीव रकमेचा प्रतीक्षा काळ आधीपासूनच्या आजाराच्या थेट गुंतागुंतीलाही लागू होतो. त्याच ऑगस्टमध्ये अपघातात मांडीचे हाड मोडले असते, तर पूर्ण 10 लाखांपर्यंतचे संरक्षण होते.

आणि रक्कम वाढवताना त्यांनी मधुमेह लपवला असता तर? इथे मोरेटोरियमचा नियम पुढे येतो. 2024 पासून, पॉलिसी सलग 60 महिने चालली की माहिती लपवली किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला तिच्यावर वा क्लेमवर आक्षेप घेता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत 8 वर्षांची होती. शिक्षकांच्या पहिल्या 5 लाखांचे 60 महिने 31 मार्च 2025 ला भरले. वाढीव 5 लाखांचे मोजमाप 1 एप्रिल 2024 पासून नव्याने सुरू झाले, ते मार्च 2029 पर्यंत चालेल. त्यामुळे लपवण्याचा फटका वाढीव रकमेला हमखास बसला असता. जुन्या रकमेसाठीही, मुद्दाम केलेली फसवणूक होती की नुसती चूक, हा झगडा कंपनीने उभा केला असता.

पोर्टिंगमध्ये, म्हणजे एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना, नवी कंपनी स्वतःचा प्रपोजल फॉर्म भरून घेते आणि अर्ज नाकारूही शकते. तिथे मधुमेह लिहिलाच पाहिजे. जुन्या कंपनीकडे काढलेला प्रतीक्षा काळ जुन्या विमा रकमेपुरता धरला जातो. सर्वांत महाग पडतो तो खंड. वार्षिक प्रीमियमला 30 दिवसांची सवलतीची मुदत असते. तेवढ्यात पैसे भरले तर सलगता टिकते, मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा खर्च मात्र मिळत नाही. ती मुदतही उलटली तर पॉलिसी नव्याने घ्यावी लागते, आणि काल नंतरचा असलेला मधुमेह आज आधीपासूनचा होतो.

प्रत्यक्षात क्लेम अडकतात ते बऱ्याचदा केसपेपरवरच्या एका ओळीमुळे. दाखल होताना निवासी डॉक्टर विचारतात, ‘शुगर किती वर्षांपासून?’ घाबरलेले नातेवाईक सांगतात, ‘असतील पाच-सहा वर्षं.’ तेच कागदावर उतरते. क्लेम तपासणारी टीपीए पॉलिसीची तारीख पाहते आणि आजार पॉलिसीच्या आधीचा ठरवते. म्हणून पहिला रिपोर्ट आणि गोळी सुरू करणारे पहिले प्रिस्क्रिप्शन, दोन्ही तारखेसह जपून ठेवावे. डिस्चार्ज कार्ड हातात येताच त्यावरचा आजाराचा कालावधी वाचावा. तो चुकला असेल तर जुने कागद दाखवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दुरुस्तीचे पत्र तिथेच मागावे.

जीवनविम्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे दरवर्षीचा हप्ता भरणे म्हणजे नूतनीकरण नव्हे, मधल्या काळात झालेला आजार हप्त्याबरोबर कळवायचा नसतो. पण हप्ते थकून पॉलिसी बंद पडली आणि ती पुन्हा चालू करायची असेल, तर कंपनी उत्तम प्रकृतीचे निवेदन मागू शकते. त्यात दिलेल्या माहितीवर आक्षेप घेण्याची तीन वर्षांची मुदत पुनरुज्जीवनापासून पुन्हा मोजली जाते.

नूतनीकरणात सांगण्याचे बंधन फक्त ग्राहकावर आहे, असेही नाही. जेकब पुन्नेन विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात एका जुन्या मेडिक्लेम पॉलिसीच्या नूतनीकरणावेळी कंपनीने अँजिओप्लास्टीच्या खर्चावर मर्यादा घातली होती आणि ग्राहकाला ती कळवली नव्हती. अटी बदलल्या तर ते ग्राहकाला सांगणे कंपनीचे कर्तव्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये दिला. म्हणून नवी पॉलिसी हाती आली की जुनीशेजारी ठेवून उपमर्यादा आणि सहभागाची टक्केवारी ताडून पाहावी.

आजार लपवल्याचे कारण देऊन क्लेम नाकारला गेला, तर ग्राहकाने कंपनीला तीन गोष्टी लेखी मागाव्यात: नेमके कोणते कलम, कोणता प्रश्न आणि त्याला दिलेले कोणते उत्तर. कंपनीच्या तक्रार विभागाकडून समाधान झाले नाही तर मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. अर्जासोबत मूळ प्रपोजल फॉर्मची प्रत, सगळ्या वर्षांच्या पॉलिसी आणि निदानाचा पहिला रिपोर्ट जोडावा.