चौथा हिस्सा आणि वर्ग: पायच्या गणनेतील पन्नास वर्षांचा मागोवा

यूजीन सॅलॅमिन आणि रिचर्ड ब्रेंट यांनी १९७६ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पाय (π) या संख्येची दशांश स्थळे काढण्याची एक नवी पुनरावर्तन-रीत प्रसिद्ध केली, तिला २०२६ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण होतात. पुनरावर्तन म्हणजे हाती असलेल्या अंदाजावर ठरावीक कृती करून त्याहून चांगला अंदाज मिळवणे आणि नव्या अंदाजावर तीच कृती पुन्हा करत राहणे. या रीतीने पायच्या गणनेत एक वेगळाच काळ सुरू केला. तो काळ २००९ च्या अखेरीस संपला, आणि तोही अशा पद्धतीच्या हातून, जी अभिसरणाच्या पाठ्यपुस्तकी क्रमवारीत तिच्या खालच्या पायरीवर बसवली जाते. ज्यांना त्या रीतीचे सौंदर्य ठाऊक आहे त्यांना ही गोष्ट अजून सलते, आणि ती का घडली हे समजून घ्यायचे तर एकामागून एक येणाऱ्या त्रुटींचे आकारच डोळ्यांसमोर मांडावे लागतात.

अंदाज आणि खरी किंमत यांच्यातील अंतर म्हणजे त्रुटी. आर्किमिडीजने वर्तुळात बहुभुज बसवून बाजू दुप्पट करत जाण्याचा जो मार्ग धरला, त्यात व्यास १ असलेल्या वर्तुळातील षट्कोनाची परिमिती ३ येते, म्हणजे त्रुटी ०.१४१६, बारा बाजूंना ती ०.०३५८, चोवीस बाजूंना ०.००८९६, अठ्ठेचाळीस बाजूंना ०.००२२४ आणि शहाण्णव बाजूंना ०.०००५६ होते. प्रत्येक त्रुटीला आधीच्या त्रुटीने भागले तर ०.२५२६, ०.२५०६, ०.२५०२, ०.२५०० असे भागाकार मिळतात आणि ते एक चतुर्थांशावर स्थिरावताना दिसतात. दर पायरीला त्रुटीचा एक ठरलेला हिस्साच शिल्लक राहणे, हेच रेषीय अभिसरण होय. त्यात प्रत्येक पायरी सारखीच कमाई करते. येथे ती कमाई पायरीमागे सुमारे ०.६ दशांश स्थळ एवढी आहे, म्हणजे पाच पायऱ्यांना तीन स्थळे.

पुढील शतकांत बदलत गेला तो फक्त हा हिस्सा. लुडोल्फ फान कॉयलेन याने २ च्या ६२ व्या घाताइतक्या बाजूंपर्यंत जाऊन पस्तीस स्थळे मिळवली, आणि आर्किमिडीजच्याच दराने हिशेब केला तर तेवढ्या बाजूंना अंतर्लिखित बहुभुजाची त्रुटी दशांश चिन्हानंतर छत्तीस शून्ये सोडून सुरू होते, तेव्हा त्याच्या कष्टांचे फळ त्या दरातच आधी लिहिलेले होते. केरळातील माधवाच्या परंपरेतील एका श्रेणीत तो हिस्सा एक तृतीयांश आहे, तर मेचिनने १७०६ साली ज्या सूत्राने शंभर स्थळे काढली त्याच्या मुख्य श्रेणीत तो पंचविसावा आहे. १८७३ मध्ये शँक्सने दिलेली ७०७ स्थळे, ज्यांतील ५२७ नंतरची चुकीची निघाली, १९४९ मध्ये एनिॲक या यंत्राने काढलेली दोन हजारांहून अधिक स्थळे, आणि १९७३ मध्ये फ्रान्समध्ये गाठलेला दहा लाखांचा टप्पा, हे सारे त्याच जातीच्या श्रेणींचे काम होते. यंत्रे बदलली, पण त्रुटीची चाल तीच राहिली, आणि म्हणून या अडीचशेहून अधिक वर्षांवर येथे अधिक थांबण्याचे कारण नाही.

थांबायचे ते १९७६ ते १९८६ या दशकापाशी. सॅलॅमिन–ब्रेंट रीत ज्या द्रव्यातून घडली ते जुने होते: दोन संख्यांचा अंकगणितीय मध्य आणि भूमितीमध्य घ्यायचा, त्या दोन नव्या संख्यांचे पुन्हा तसेच मध्य घ्यायचे, आणि दोन्ही एकाच किमतीकडे किती झपाट्याने धावतात हे पाहायचे. गाउसने ही क्रिया अठराव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासली होती, लेजांद्रचे एक संबंध-सूत्र तिला पायशी जोडण्यास उपयोगी पडले, आणि म्हणून या रीतीला पुष्कळदा गाउस–लेजांद्र रीत म्हणतात. मात्र ती गणनेची रीत म्हणून उभी करणाऱ्या दोघांची नावे त्यामुळे झाकली जातात, हे योग्य नव्हे.

आरंभी पहिली संख्या १, दुसरी २ च्या वर्गमुळाचा व्यस्त, आणि त्यांच्या सोबतीला एक दुरुस्तीची राशी असे घेतले, तर पायचा सुरुवातीचा अंदाज २.९१४२ येतो आणि त्रुटी ०.२२७ असते. एका पायरीनंतर अंदाज ३.१४०५७९ आणि त्रुटी ०.००१०१, दोन पायऱ्यांनंतर त्रुटीत दशांश चिन्हानंतर आठ शून्ये येतात आणि मग ७३८ हे अंक, तीन पायऱ्यांनंतर अठरा शून्ये आणि मग १८, चार पायऱ्यांनंतर चाळीस शून्ये. आधीसारखे साधे भागाकार घेतले तर ते कोठेच स्थिरावत नाहीत: पहिला ०.००४५, दुसरा दहा लाखांत सुमारे सात, तिसरा त्याहूनही शेकडो हजार पट लहान. साधा भागाकार असा शून्याकडे कोसळू लागला की अभिसरण रेषीयहून वरच्या प्रतीचे आहे हे ओळखावे, आणि मग त्रुटीला आधीच्या त्रुटीच्या वर्गाने भागून पाहावे. तसे केल्यावर येथे ०.०२, ०.००७, ०.००३४ असे आटोक्यातील आकडे मिळतात. नवी त्रुटी जुन्या त्रुटीच्या वर्गाच्या एका मर्यादित पटीत राहणे म्हणजेच वर्गीय अभिसरण, आणि त्याचा दृश्य परिणाम असा की बरोबर स्थळांची संख्या दर पायरीला दुप्पट होते. या रीतीत ती पट स्वतःच पायरीगणिक साधारण निम्मी होत जाते, म्हणून ती वर्गीय दरापेक्षा किंचित सरसच ठरते.

या दराचा अर्थ १९८३ मध्ये टोकियो विद्यापीठात स्पष्ट झाला. यासुमासा कानादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने १ कोटी ६० लाखांहून अधिक स्थळे काढली. एवढ्या स्थळांना बहुभुजाच्या मार्गाने पावणेतीन कोटींच्या आसपास पायऱ्या लागल्या असत्या. या मार्गाने तेवीस पुरतात. त्यानंतर जोनाथन आणि पीटर बोरवाइन या भावांनी चतुर्घाती अभिसरणाची रीत दिली, जिच्यात बरोबर स्थळे दर पायरीला चौपट होतात, आणि जानेवारी १९८६ मध्ये डेव्हिड बेली यांनी नासाच्या एम्स केंद्रातील क्रे-२ यंत्रावर तिच्या बारा पायऱ्यांत २ कोटी ९३ लाखांहून अधिक स्थळे मिळवली. शतकानुशतके स्थळामागून स्थळ वेचत आलेल्या या कामात बारा पायऱ्यांनी कोट्यवधी स्थळे हाती यावीत, याचा आनंद त्या पिढीला झाला, आणि तो सर्वस्वी रास्त होता.

तरीही त्याच दशकाच्या मध्यात वेगळी खूण उमटली होती. १९८५ मध्ये विल्यम गॉस्पर यांनी रामानुजन यांच्या १९१४ च्या एका श्रेणीने १ कोटी ७५ लाख स्थळे काढली. या श्रेणीत प्रत्येक पद त्रुटीचा सुमारे साडेनऊ कोटींवा हिस्सा शिल्लक ठेवते, म्हणजे पदामागे जवळजवळ आठ स्थळे मिळतात; हिस्सा अत्यंत लहान असला तरी चाल निखळ रेषीयच. कानादांच्या तेवीस पायऱ्यांच्या जागी येथे सुमारे बावीस लाख पदे लागली आणि तरीही विक्रम मोडला गेला. श्रेणीची पूर्ण सिद्धता तेव्हा उपलब्ध नव्हती, त्यामुळे कानादांच्या अंकांशी जुळलेले अंक हाच तिचा त्या वेळचा मोठा आधार होता. १९८९ मध्ये चुड्नोव्स्की बंधूंनी त्याच कुळातील, पदामागे चौदाहून थोडी अधिक स्थळे देणाऱ्या श्रेणीने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. वर्गीय रीत त्यानंतरही लढत राहिली: २००९ मध्ये दाइसुके ताकाहाशी यांनी जपानमधील महासंगणकावर तिच्याच साहाय्याने २ लाख ५७ हजार कोटी स्थळे काढली. त्याच वर्षाच्या अखेरीस फाब्रिस बेलार यांनी चुड्नोव्स्की श्रेणी घेऊन, टेबलावरच्या एका संगणकावर, २ लाख ७० हजार कोटी स्थळे जाहीर केली, आणि तेव्हापासूनचे विक्रम याच श्रेणीच्या नावावर आहेत.

चाळीस पायऱ्यांनी ज्या पल्ल्याचे काम होते तेथे एकोणीस हजार कोटी पदांची पद्धत जिंकते, याचे कारण पायरीच्या किमतीत आहे. सॅलॅमिन–ब्रेंट रीत स्वतःची चूक सुधारत नाही: पहिल्या पायरीत सांडलेला अंक पुढे कोठेही भरून येत नाही, म्हणून अंदाज अवघ्या तीन स्थळांपुरता बरोबर असतानाही प्रत्येक गुणाकार आणि प्रत्येक वर्गमूळ पूर्ण लांबीच्या संख्यांवरच करावे लागते. श्रेणीची पदे मात्र लहान पूर्णांकांपासून सुरू होतात, जोड्याजोड्यांनी एकत्र केली जातात, आणि फार लांब गुणाकार केवळ शेवटच्या काही फेऱ्यांत येतात. स्थळांची संख्या अमर्याद वाढवत नेली तर कागदावरचा हिशेब आजही वर्गीय रीतीच्या बाजूने झुकतो, पण प्रत्यक्षात हाताळता येणाऱ्या लांबीला श्रेणी कितीतरी स्वस्त पडते.

पदवीच्या वर्गांत शिकवले जाणारे संख्यात्मक विश्लेषण हा भाग जवळपास सोडूनच देते. अभिसरणाची कोटी व्याख्या म्हणून पाठ करून घेतली जाते, वर्गीय रीत रेषीय रीतीपेक्षा श्रेष्ठ असे एका ओळीत सांगितले जाते, आणि उत्तरपत्रिकेत अंदाजांचा स्तंभ मागितला जातो, त्रुटींचा नव्हे. ज्या विद्यार्थ्याने ०.२५२६, ०.२५०६ हे भागाकार स्वतः काढले नाहीत, त्याला कोटी हा शब्द एक पोकळ विशेषण वाटला तर दोष त्याचा नाही. आणि पायऱ्या मोजून पद्धती निवडण्याची सवय ज्याला लावली गेली, त्याला २००९ चा निकाल उलगडणारही नाही. ही उणीव जुनी आहे आणि ती भरून काढण्याची निकड कोणाला भासत असल्याचे दिसत नाही.

चुड्नोव्स्कींच्या सूत्रात सर्व पदांची बेरीज झाल्यावर १०००५ चे वर्गमूळ आणि एक भागाकार उरतो, आणि ही दोन्ही कामे न्यूटनच्या वर्गीय पुनरावर्तनावर सोपवली जातात. वर्गमुळासाठी १०० पासून सुरुवात केली तर त्रुटी ०.०२५ असते, संख्येला अंदाजाने भागून, तो भागाकार आणि अंदाज यांचा मध्य घेतला की १००.०२५ मिळते आणि त्रुटीत पाच शून्यांनंतर ३१ येते, पुढच्या पायरीत तेरा शून्यांनंतर ४९, आणि त्यापुढे अठ्ठावीस शून्यांनंतर १२, कारण येथे नवी त्रुटी जुनीच्या वर्गाचा जवळपास नेमका दोनशेवा भाग आहे. ही रीत आपली चूक आपणच सुधारते, म्हणून पहिली पायरी सहासात अंकांत, दुसरी पंधरा अंकांत, असे लांबी दुप्पट करत जाता येते, आणि सर्व पायऱ्यांचा मिळून खर्च एकट्या शेवटच्या पायरीच्या दुपटीच्या आसपास राहतो.