माडाची सावली आणि छपरावरचा इन्व्हर्टर

गोव्यातील बहुतेक घरांच्या आवारात माड असतोच. छपरावर सौर पॅनेल बसविण्याचा विचार सुरू झाला की पहिली अडचण त्याच्याच सावलीची येते. मग पुरवठादार सांगतो, "एका पॅनेलवर सावली आली तरी सगळ्यांची वीज बुडते, मायक्रोइन्व्हर्टरच हवा." हे विधान अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर बराच खर्च अवलंबून असतो.

पॅनेल एकसर वीजप्रवाह निर्माण करतात, तर घराला प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. हे रूपांतर करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. स्ट्रिंग इन्व्हर्टरच्या पद्धतीत पॅनेल माळेसारखी एकामागे एक जोडली जातात आणि भिंतीवरचे एकच यंत्र सर्वांचे काम पाहते. मायक्रोइन्व्हर्टरच्या पद्धतीत प्रत्येक पॅनेलखाली छोटे स्वतंत्र यंत्र असते. पॉवर ऑप्टिमायझर हा मधला मार्ग आहे. तो पॅनेलखाली बसून त्या पॅनेलचा व्होल्टेज व प्रवाह जुळवून घेतो. मात्र भिंतीवरचा इन्व्हर्टर तरीही लागतोच.

माळेतील सर्व पॅनेलमधून प्रवाह एकच वाहतो. त्यामुळे सावलीतील पॅनेल इतरांना अडवणार, हा तर्क वरवर बरोबर वाटतो. परंतु पॅनेलमागच्या जंक्शन बॉक्समध्ये साधारणतः तीन बायपास डायोड असतात. पॅनेलचा सावलीतील भाग पुरेसा प्रवाह देऊ शकला नाही, तर प्रवाह डायोडच्या आडवाटेने पुढे जातो. त्या भागाची वीज जाते, पण माळ चालू राहते.

एक हिशेब पाहू. छपरावर ५५० वॅटची सहा पॅनेल आहेत आणि दुपारी दोन ते पाच या वेळेत माडाची सावली त्यांतील दोन पॅनेल पूर्ण झाकते. त्या वेळी उन्हातील पॅनेल सरासरी ३५० वॅट आणि सावलीतील ७० वॅट देत आहे असे धरू. मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर असल्यास एकूण १५४० वॅट मिळतील. स्ट्रिंग इन्व्हर्टरने दोन्ही पॅनेल बाजूला सारली, तर उरलेल्या चारांचे १४०० वॅट मिळतील. डायोडमधील घट वजा जाता सुमारे १३७५. फरक १६५ वॅटचा, म्हणजे तीन तासांत अर्धा युनिट. वर्षात असे २४० उन्हाचे दिवस धरले तर १२० युनिट होतात. युनिटला चार रुपये धरल्यास वर्षाला ४८० रुपये. सहा मायक्रोइन्व्हर्टरसाठी मोजावी लागणारी जादा रक्कम याच्याशी ताडून पाहावी.

खरा धोका वेगळाच आहे. अशा माळेच्या वीजनिर्मितीला दोन शिखरे असतात: एक १३७५ वॅटचे, तर दुसरे सर्व पॅनेल सावलीच्या प्रवाहावर चालल्याचे, म्हणजे अवघे ४२० वॅटचे. इन्व्हर्टर लहान शिखरावर अडकला तर तीन तासांत जवळपास तीन युनिट बुडतात. हे टाळण्यासाठी अनेक इन्व्हर्टरमध्ये सावली-शोधाची सोय असते. काहींत ती बंद असते आणि मुद्दाम सुरू करून घ्यावी लागते. खात्री करणे सोपे आहे. सावलीच्या वेळी पडद्यावरील एकसर व्होल्टेज २५० वरून १७०च्या आसपास आला आणि प्रवाह आठ अँपिअरच्या जवळ टिकला, तर इन्व्हर्टर नीट काम करतो आहे. व्होल्टेज वरच राहून प्रवाह दोन अँपिअरच्या खाली गेला, तर तो अडकला आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. सावली चार पॅनेलवर पसरली तर माळेचा व्होल्टेज ८४पर्यंत उतरतो. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकातील किमान कार्यकारी व्होल्टेज याहून अधिक असेल, तर तो त्या शिखरापर्यंत पोहोचूच शकत नाही. सावली दिवसभर एकेका पॅनेलवर सरकत असेल, किंवा चौपाखी कौलारू छपराच्या प्रत्येक पाखीवर दोन-दोनच पॅनेल मावत असतील, तर मायक्रोइन्व्हर्टरचा जादा खर्च सार्थ ठरतो. सावली ठराविक दोन-तीन पॅनेलपुरतीच असेल तर ऑप्टिमायझर तेवढ्यांनाच लावता येतो. मात्र काही कंपन्यांचे ऑप्टिमायझर सर्व पॅनेलना आणि त्यांच्याच इन्व्हर्टरसह लावावे लागतात, हे आधी विचारून घ्यावे.

दुरुस्तीचाही विचार हवा. मायक्रोइन्व्हर्टर बिघडल्यास एकाच पॅनेलची वीज जाते, पण तो बदलण्यासाठी पॅनेल उचलावे लागते आणि ऐन पावसात शेवाळलेल्या कौलांवर चढणे धोक्याचे. भिंतीवरचा इन्व्हर्टर बिघडला तर सारेच थांबते, पण तो हाताशी असतो.

सावलीची पाहणी एकाच महिन्यात उरकू नये. गोव्यात डिसेंबरअखेर माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर, दक्षिणेकडे असतो. मेमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. म्हणून दक्षिणेच्या माडाची जी सावली मेमध्ये अंगणातच राहते, ती डिसेंबरात छपरावर येते.