परदेशी नळाचा अर्धा इंच

जर्मनीहून सुटीवर आलेला भाचा बेसिनसाठी एक देखणा मिक्सर घेऊन येतो. न्यू जर्सीची बहीण शॉवरचं डोकं पाठवते. दोन्ही खोक्यांवर मापं इंचात असतात, आपल्या घरातले पाइपही अर्ध्या इंचाचे, म्हणून कुणी अधिक विचार करत नाही. प्लंबर आटे जुळवून बघतो, जरा अडतं, मग म्हणतो, "साहेब, बसेल. दोन वेढे टेप जास्त मारतो." या वाक्याला कुठे हो म्हणायचं आणि कुठे हात धरायचा, एवढं कळलं तरी पुढची फोडाफोड टळते.

आधी त्या अर्ध्या इंचाविषयी. आपल्या घरातल्या अर्धा इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजला तर जवळपास २१ मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. हे माप मुळात जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीचं. पाइप बदलले, नाव मात्र तेच राहिलं. त्यामुळे टेपपट्टी घेऊन आटे मोजणारा पहिल्याच पावलाला फसतो.

भारतात, इंग्लंडात आणि युरोपातल्या बहुतेक देशांत पाइपांना बीएसपी पद्धतीचे आटे असतात. अमेरिका आणि कॅनडा एनपीटी वापरतात. अर्ध्या इंचाच्या मापात या दोन्ही पद्धतींत एका इंचात चौदाच आटे बसतात, आणि घोळ इथेच आहे. दोन्ही नग शेजारी धरून दात दातांत बसवून पाहिले तर ते छान जुळलेले दिसतात. फरक असतो तो दाताच्या कोनात: बीएसपीचा ५५ अंश, एनपीटीचा ६०. व्यासही थोडा वेगळा, बीएसपीचा २०.९५ मिलिमीटर, तर एनपीटीच्या पाइपाचा २१.३. म्हणून नग सुरुवातीला चढतो, दोन-तीन फेऱ्यांनंतर जड होतो, आणि पाना लावला तर पितळ पितळाला खात पुढे सरकतं. आता घट्ट बसलं असं वाटतं, पण दातांच्या बाजू एकमेकींना पूर्ण टेकलेल्याच नसतात. टेफ्लॉन टेप ती फट काही काळ झाकते.

म्हणून पहिली परीक्षा टेपशिवाय आणि पान्याशिवाय करायची. एल्बोमधला जुना टेप आणि सफेदा खरवडून काढा आणि नवा नळ नुसत्या हाताने फिरवा. निमुळत्या आट्याचा योग्य नग साधारण चार फेऱ्या सहज जातो आणि मग हळूहळू घट्ट होतो. सरळ आट्याचा असेल तर आणखी आत जातो आणि किंचित हलतो. तेही चालतं, ती ढिलाई टेपने भरायचीच असते. पण दीड-दोन फेऱ्यांतच नग अडला, तर तिथेच थांबा. कागदपत्र किंवा खोकं असेल तर त्यावर बीएसपी, जी १/२ किंवा आर १/२ असं लिहिलेलं शोधा. जी म्हणजे सरळ आटे, आर म्हणजे निमुळते, आणि दोन्ही आपल्याच घराण्यातले. एनपीटी किंवा आयपीएस दिसलं की माल अमेरिकी समजावा.

दुसरा प्रश्न मला आट्यांहून महत्त्वाचा वाटतो: हा सांधा पाणी अडवतो कशाने? भिंतीतल्या एल्बोत बसणारी तोटी आट्यांवरच पाणी अडवते, तिथे टेप लागतो. कनेक्शन पाइपाच्या किंवा हँडशॉवरच्या नळीच्या नटमध्ये आटे फक्त ओढून धरायचं काम करतात. पाणी अडवतो तो आतला रबरी वॉशर. अशा नटवर टेप गुंडाळणं हा आपल्याकडचा हौशी उद्योग आहे. त्याने गळती थांबत नाही, उलट कधीकधी वॉशर नीट बसतच नाही.

आता बहिणीने पाठवलेलं शॉवरचं डोकं घ्या. त्याचे आटे अमेरिकी, आपला शॉवर आर्म बीएसपीचा. तरी बहुतेक वेळा ते चालतं, कारण डोक्यात वॉशर असतो. शिवाय हा सांधा कॉकच्या पुढे आहे. शॉवर चालू असेल तेवढाच वेळ त्यात पाणी असतं, आणि पुढची छिद्रं उघडी असल्याने दाबही फारसा साठत नाही. थेंबभर गळलं तर ते न्हाणीतच पडेल. इथे प्लंबरचं "बसेल" मान्य करायला हरकत नाही, फक्त पान्याने जोर करू देऊ नका.

बेसिनच्या मिक्सरची गोष्ट वेगळी. जर्मन मिक्सरच्या दोन लवचिक नळ्यांच्या टोकाला बहुधा ३/८ इंचाचे नट असतात, कारण तिथल्या अँगल कॉकचं तोंड तेवढंच असतं. आपल्या अँगल कॉकचं तोंड अर्धा इंची. नट चढणारच नाही. दुकानदार लगेच रिड्यूसर काढून देतो, आणि ३/८ बीएसपीचा असेल तर तो चालतोही. पण त्यापेक्षा नळ्याच बदलणं बरं. मिक्सरच्या पोटात नळीचं जे टोक जातं ते सहसा दहा मिलिमीटरचं, एम १० म्हणून ओळखलं जाणारं असतं, आणि एका टोकाला एम १० व दुसऱ्याला अर्धा इंची नट असलेल्या नळ्या इथल्या सॅनिटरीच्या दुकानांत मिळतात. जोडीतल्या एका नळीचं टोक आखूड आणि दुसरीचं लांब असेल तर ती चूक समजू नका. दोन्ही नळ्या अगदी लागून बसतात, म्हणून तसं केलेलं असतं. या टोकावर ओ-रिंग असते. ती हाताने घट्ट करायची, टेप अजिबात नाही.

अमेरिकी मिक्सरच्या नटवरही ३/८ लिहिलेलं असतं, पण ते वेगळं प्रकरण आहे. तिथे हा आकडा आतल्या नळीचा. नटच्या आट्यांचा व्यास सुमारे १४.३ मिलिमीटर भरतो. आपल्या ३/८ बीएसपीचा १६.७. त्यामुळे इथला रिड्यूसर त्याला लागत नाही आणि दुकानदार गोंधळतो.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे भिंत. अँगल कॉक किंवा तोटी ज्या सीपीव्हीसी एल्बोत बसते, तिच्यात पितळी आट्यांची वाटी प्लास्टिकमध्ये बसवलेली असते. तिथे अमेरिकी निमुळता नग पान्याने रेटला की तो पाचरीसारखा वाटी फाकवतो आणि प्लास्टिकला बारीक चीर जाते. हा सांधा कॉकच्या अलीकडचा, म्हणजे रात्रंदिवस टाकीच्या दाबाखाली असतो. टाकी ३० मीटर वर असेल तर तिथे सुमारे तीन बार दाब सतत असतो. गळती तुम्हाला दिसतच नाही. ती दिसते खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना, छतावरच्या ओल्या डागात. मग टाइल फोडल्याशिवाय गत्यंतर नसतं.

म्हणून नवा नळ बसवल्यावर लगेच वरची चकती भिंतीला लावू नका. कॉक उघडा, तोटी बंद ठेवा, सांध्याभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा आणि सकाळी बघा. ओल नसेल तर चकती सरकवा.

कन्सील्ड डायव्हर्टरबाबत आटे पाहूनही भागत नाही. भिंतीतला भाग एका कंपनीचा आणि बाहेरची मूठ दुसरीची, असं जुळत नाही. नवी मूठ हवी असेल तर आतल्या भागावरची कंपनी आणि मॉडेल आधी बघा.

परदेशातल्या नातेवाइकांना हँडशॉवर, शॉवरचं डोकं आणायला खुशाल सांगा. मिक्सर आणणार असतील तर नळीच्या दोन्ही टोकांचे फोटो आधी मागवा. पण भिंतीत थेट बसणारी तोटी अमेरिकेतून आणू नका. ती इथेच घ्या.