कोथिंबिरीची जुडी तीनदा दहाला

आठवडे बाजारात बसून निरीक्षण करा आणि त्यावर दोन-तीन परिच्छेद लिहून आणा, असं काम मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हमखास मिळतं. बाजार कुठेही सापडतो, आत शिरायला परवानगी लागत नाही आणि दोन तासांत वहीची पानं भरतात. अडचण घरी आल्यावर सुरू होते. वहीत असतं ‘जुडी १५, दिली १०’. प्राध्यापकांना हवं असतं सघन वर्णन.

हा शब्दप्रयोग मानवशास्त्रात रुळला तो क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी अभ्यासकामुळे, त्यांच्या १९७३ सालच्या ‘द इंटरप्रिटेशन ऑफ कल्चर्स’ या पुस्तकातून. त्यांनी तो घेतला गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाकडून. राइल यांचं उदाहरण साधं आहे. दोन मुलांची उजवी पापणी मिटते. एकाची आपोआप फडफडली, दुसऱ्यानं मित्राला डोळा मारला. तिसरा मुलगा त्या डोळा मारण्याची नक्कल करतो. कॅमेऱ्याला तिन्ही वेळा एकच हालचाल दिसेल. ती तीन वेगळी कृत्यं कशी ठरतात, हे सांगणारं वर्णन सघन.

गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचाही अभ्यास केला होता. बाजारात सगळ्यात दुर्मीळ असते ती खात्रीची माहिती, असं त्यांचं म्हणणं. मालाची प्रत काय आणि खरा भाव काय, हे कोणालाच नीट ठाऊक नसतं. म्हणून माणसं घासाघीस करतात आणि ठरलेल्या दुकानदाराला धरून राहतात. आपल्याकडे इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांचा आठवडे बाजारांवरचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९७० मध्ये प्रसिद्ध केला. भाजीच्या पाटीशेजारी बसून टिपणं काढणं हा नुसता वर्गातला सराव नव्हे, एवढं यावरून लक्षात यावं.

आता एक वही उघडू. उदाहरणासाठी रचलेली, पण कुठल्याही तालुक्याच्या बाजारात भरू शकेल अशी:

‘८.२०. भाजीवाली, पन्नाशीची, गोणपाटावर. कोथिंबीर १५. तरुण बाई: १० ला द्या. दिली. नोट कपाळाला. १०.०५. म्हातारा, धोतर. भाव विचारला नाही. जुडी + मूठभर मिरच्या. “मांड.” पैसे नाहीत. वही दिसली नाही. १०.३०. दुसरी बाई, १० ला मागते. नाही. बाई गेली. ११.००. तोच म्हातारा, १० देऊन गेला. १.१५. ओरडते: दहा, दहा. जुड्या मलूल.’

पहिलं काम त्याच संध्याकाळी उरकायचं, कारण तुटक शब्दांमागचं चित्र एका झोपेत पुसट होतं. पाटी कुठल्या बाजूला होती, ऊन कधी अंगावर आलं, म्हातारा उभा राहिला की टेकला, हे सगळं सलग वाक्यांत उतरवायचं. लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: डोळ्यांनी पाहिलं ते, कानांनी ऐकलं ते आणि आपण ताडलं ते. जसेच्या तसे शब्द आठवत असतील तरच अवतरणचिन्हं. बाकी ‘अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली’. तीन रंगांची पेनं वापरली तर पान पाहताच कळतं की अंदाज किती आणि पुरावा किती.

मग एकच धागा निवडायचा. बहुतेक विद्यार्थी इथे घसरतात. सगळा बाजार कवेत घ्यायला जातात आणि ‘रंगीबेरंगी भाज्या, गजबजलेले रस्ते, माणसांचा महापूर’ असा परिच्छेद हाती येतो. विशेषणं वाढवून वर्णन सघन होत नाही. असा परिच्छेद बाजारात पाऊल न ठेवताही लिहिता येतो, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या दोन ओळींतच समजतं.

या वहीतला धागा म्हणजे दहा रुपये. जुडी तीनदा दहाला गेली आणि एकदा दहाला नाकारली. आकड्यांच्या तक्त्यात तिन्ही विक्री सारख्याच दिसतील. मग साडेदहाच्या बाईला नकार का? परिच्छेद या प्रश्नाभोवती बांधता येतो:

“सकाळी सव्वाआठनंतर पहिलं गिऱ्हाईक आलं. पंधराची जुडी तिनं दहाला मागितली. ‘भवानीची येळ हाय, न्या,’ म्हणत भाजीवालीनं जुडी दिली आणि आलेली नोट कपाळाला लावून कनवटीला खोचली. दोन तासांनी हाच भाव तिनं दुसऱ्या बाईला नाकारला. तोवर निम्मी पाटी रिकामी झाली होती. मधल्या वेळेत एक म्हातारा भाव न विचारता जुडी घेऊन गेला. वर मूठभर मिरच्या तिनंच घातल्या. ‘मांड,’ एवढंच तो म्हणाला, पण मांडायला वही नव्हती. तासाभरानं त्यानं दहा रुपये आणून दिले, तिनं ते न मोजता ठेवले. एकनंतर ऊन गोणपाटावर आलं, पानं मलूल झाली आणि ती स्वतःच दहाचा पुकारा करू लागली. सकाळचे दहा पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून होते. दुपारचे दहा माल घरी न्यावा लागू नये म्हणून.”

शेवटचं वाक्य सोडलं तर इथे बाजाराबद्दलचा एकही सिद्धान्त नाही. अर्थ घटनांच्या क्रमातून, वेळेतून आणि भाजीवालीच्या एका वाक्यातून आला आहे. ‘भवानी’ हे कारण तिनं स्वतः उच्चारलं, म्हणून सकाळच्या सवलतीचा अर्थ भक्कम आहे. दुपारचा अर्थ मात्र मलूल पानांवरून काढलेला आहे, तेवढा पक्का नाही. म्हाताऱ्याच्या बाबतीत तर लिहिणाऱ्यानं शहाणपणानं अर्थ सांगितलेलाच नाही. तो नातेवाईक असेल, शेजारी असेल किंवा तिला जागा धरून देणारा असेल. तिथे ‘विश्वासाचं नातं’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह फार असतो.

याच मोहाबद्दल खुद्द गीर्ट्झ यांनाही ऐकून घ्यावं लागलं. बालीतल्या कोंबड्यांच्या झुंजीवरचा त्यांचा निबंध गाजला, पण १९८६ मध्ये व्हिन्सेंट क्रापान्झानो यांनी त्यावर बोट ठेवलं: हे अर्थ नेमक्या कोणत्या माणसाचे? निबंधात ‘बालीचे लोक’ आहेत, बोलणारी एकेकटी माणसं फारशी नाहीत. तोच धोका ‘भाजीवाल्या भवानी मानतात’ या वाक्यात आहे. पाहिली होती एक भाजीवाली.

म्हणून पुढच्या आठवड्यात त्याच पाटीशी जाऊन बसावं आणि विचारावं, ‘मावशी, नोट कपाळाला का लावता?’ उत्तर ‘आई लावायची, सवय हाय’ असं आलं, तर ते श्रद्धेच्या तयार अर्थात बसत नाही. ते तसंच लिहावं, गाळू नये. शेजारच्या पाटीवर पहिली नोट सरळ डब्यात पडत असेल, तर तीही नोंद हवी.

निरीक्षकालाही वर्णनात थोडी जागा लागते. बाजारात वही घेऊन बसलेला माणूस पुष्कळदा पावती फाडणारा वाटतो. आपण बसल्यावर पुकारे थांबले, उधारीची बोलणी दबक्या आवाजात झाली, तर तो नोंदींचाच भाग. आपण कोण आणि काय लिहितोय हे आधी सांगावं. नाव बदलावं, आणि कोणाची किती उधारी हे ओळख पटेल असं छापू नये.

लेखन सादर करण्यापूर्वी परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्याच्या बाजूला वहीतली वेळ लिहून पाहावी. ८.२०, १०.०५, १.१५. ज्या वाक्याला वेळ सापडत नाही ते एक तर अंदाज म्हणून कबूल करावं, नाहीतर काढून टाकावं. आणि मूळ नोंदींची पानं, खाडाखोडीसकट, शेवटी जोडावीत.