पट्ट्यावरचा चाळीस मीटरचा चढ

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्याला यवतेश्वरचा घाट चढावा लागतो. त्यासाठी नाव नोंदवणारे अनेकजण मात्र अशा सपाट वस्तीत राहतात, जिथे जवळपास नीट पळता येईल असा एकही चढ नसतो. मग जिममधल्या ट्रेडमिलवर हिल रिपीट करायचे, म्हणजे ठराविक चढ जोरात पळायचा, दम खायचा आणि पुन्हा तोच चढ पळायचा. बहुतेकजण त्यासाठी अंदाजाने इन्क्लाइन वाढवतात आणि दमछाक झाली की थांबतात. त्यामुळे आज किती मीटर चढलो आणि पुढच्या आठवड्यात किती चढायचे, हे कळायला काही मार्ग राहत नाही. खरे तर ते अगदी सोप्या हिशेबाने कळते.

इन्क्लाइन 8 टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर वर जाणे. म्हणून ताशी किलोमीटरमधला वेग आणि इन्क्लाइनचा आकडा यांचा गुणाकार करायचा आणि त्याला सहाने भागायचे. आलेले उत्तर म्हणजे दर मिनिटाला चढलेले मीटर. पट्ट्यावरचे अंतर तिरपे मोजले जाते, त्यामुळे या हिशेबात किंचित फरक पडतो. पण 15 टक्क्यांवरही तो शेकडा एकच्या आसपास असतो, तेव्हा तो सोडून द्यावा.

समजा, तीन मिनिटांच्या प्रत्येक रिपीटमध्ये 40 मीटर चढायचे आहे. म्हणजे मिनिटाला साधारण 13.3 मीटर. त्याला सहाने गुणले की 80 येतात. आता ज्यांचा गुणाकार 80 होईल अशी वेग आणि इन्क्लाइनची कोणतीही जोडी चालेल. 8 टक्क्यांवर ताशी 10 किलोमीटर, 10 टक्क्यांवर 8, किंवा 12 टक्क्यांवर सुमारे 6.7.

उंची तीच असली तरी कष्ट मात्र सारखे नसतात, आणि खरी निवड इथेच करावी लागते. शरीर वर नेण्याचा खर्च तिन्ही जोड्यांत जवळजवळ सारखाच असतो. पुढे धावण्याचा खर्च मात्र वेगाबरोबर वाढतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या प्रचलित सूत्रात आकडे घातले, तर 8 टक्क्यांवरचे ताशी 10 किलोमीटर हे सपाटीवरच्या सुमारे 13.6 किलोमीटरइतके जड पडते. 12 टक्क्यांवरचे 6.7 किलोमीटर मात्र सपाटीवरच्या सव्वादहाच्या आसपास येते. म्हणजे 40 मीटर पक्के धरूनही सराव हलका किंवा कठीण करता येतो. घाटाची तयारी करताना मी घाटाच्या चढाजवळ जाणारे इन्क्लाइन आधी ठरवीन आणि वेग त्यावरून काढीन. उगाच 15 टक्के लावले, तर पाऊल आखूड होते आणि पळण्याचे चालणे होऊन जाते.

आता यंत्राकडे वळू. बटण दाबले की इन्क्लाइन लगेच चढत नाही. शून्यावरून 8 टक्क्यांवर यायला वीस सेकंद लागले आणि घड्याळ त्या क्षणापासूनच चालू असले, तर आपल्या उदाहरणात दोन मीटरहून जास्त उंची हातची जाते. म्हणून इन्क्लाइन आणि वेग दोन्ही पूर्ण झाल्यावरच मोजायला सुरुवात करावी. वेळेऐवजी अंतर धरले तर आणखी सोपे: 8 टक्क्यांवर 500 मीटर पळाले की 40 मीटर चढून होतात.

पॅनेलवरचा आकडा टक्क्यांतच आहे ना, हेही पाहावे. काही यंत्रांवर नुसत्या पायऱ्यांचे क्रमांक असतात, तर काहींवर अंश. 8 अंश म्हणजे तब्बल 14 टक्के. शंका असेल तर यंत्र बंद करून, सपाट फरशीवर, डेकच्या कडेला एकमेकांपासून बरोबर एक मीटरवर दोन खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेची फरशीपासूनची उंची टेपने मोजावी. दोन उंचींतला फरक जितके सेंटिमीटर, तितके टक्के. 8 लावून साडेसहाच सेंटिमीटर आले, तर ताशी 10 किलोमीटरला तुमचे 40 मीटर प्रत्यक्षात साडेबत्तीसच होतात. कठडा धरून पळणाऱ्याचा हिशेब तर आणखी बिघडतो, कारण अंगाचा काही भार हातांवर जातो आणि पाय तेवढे काम करत नाहीत.

पट्ट्यावर तर आपण जागच्या जागीच असतो, मग चढतो कुठे, असे अनेकांना वाटते. पट्टा आपल्याला सतत खाली नेत असतो आणि जागा टिकवायला पाय तेवढेच वर ढकलत राहतात. स्नायूंना हा चढ खराच असतो. उतार मात्र बहुतेक ट्रेडमिलवर मिळत नाही. साताऱ्याच्या शर्यतीत चढलेला घाट पुन्हा उतरायचा असतो आणि उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जो ताण येतो, त्याची सवय पट्ट्यावर लागत नाही. त्यामुळे शर्यतीआधीच्या आठवड्यांत अधूनमधून एखाद्या खऱ्या उतारावर, थोड्या अंतरापासून सुरुवात करून, पळून यावेच लागते.