संमतिपत्र कधीपर्यंत?

रविवारी संध्याकाळी मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाईंची सूचना आली. पाचवीचा वर्ग, मुलं ४२, आणि आई-बाबा, आजी-आजोबा धरून ग्रुपवर ७९ जण. सूचना अशी होती:

"सर्व पालकांना नमस्कार. ग्रुपवर प्रश्न विचारताना कृपया एकाच मेसेजमध्ये पूर्ण प्रश्न लिहावा. पाल्याचे नाव, कोणता विषय किंवा कोणता कागद, आणि दिवसाबद्दल विचारायचे असल्यास वार व तारीख लिहावी. नुसते 'मॅडम', 'उद्या आहे का', 'किती?' असे मेसेज पाठवू नयेत. आधीच्या मेसेजबद्दल शंका असल्यास त्याच मेसेजला रिप्लाय करून विचारावे. टाइप करणे अवघड असल्यास व्हॉइस मेसेज चालेल, पण त्यातही प्रश्न पूर्ण असावा. वैयक्तिक बाब ग्रुपवर न लिहिता मला स्वतंत्र कळवावी. - वर्गशिक्षिका, ५ वी ब"

दोन-तीन पालकांना हे लागलं. 'बाई आता आपल्यालाही व्याकरणाचे मार्क देणार वाटतं,' असं एकीने मला वेगळा मेसेज करून सांगितलं. मीही हसले, पण जरा सावधपणेच. ज्या घोटाळ्यातून ही सूचना निघाली त्यात आमचंही घर होतं.

त्या आठवड्यात मुलांच्या दप्तरांतून दोन कागद घरी आले होते आणि दोन्हींच्या माथ्यावर 'संमतिपत्र' असंच छापलेलं होतं. एक सहलीचं. ते सही करून पैशांसह सोमवारी द्यायचं होतं, कारण बसवाल्याला त्याच दिवशी आकडा सांगायचा होता. दुसरं 'अपार' क्रमांकाचं. विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद आयुष्यभर एकाच क्रमांकाखाली राहावी म्हणून केंद्र सरकारने काढलेला हा क्रमांक, आणि त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते. त्याला ३० तारखेपर्यंत मुदत होती.

शुक्रवारी रात्री पावणेदहाला एका पालकांनी विचारलं, "संमतिपत्र कधीपर्यंत?" तीन मिनिटांत दुसऱ्यांचं उत्तर आलं, "३० पर्यंत आहे." खाली चार अंगठे आले. त्यातला एक माझा. सहलीचा कागद मी फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि विसरले.

सोमवारी सहलीचे पाच कागद कमी पडले. बाईंनी मधल्या सुट्टीत पाच घरी फोन केले. एका वडिलांनी तर ग्रुपचा स्क्रीनशॉटच पाठवला: "इथे ३० लिहिलंय की." लिहिलं होतंच. विचारणाऱ्यांच्या मनात सहल होती, सांगणाऱ्यांच्या हातात अपारचा कागद होता, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. अर्धवट प्रश्नातली खरी मेख ही आहे. त्याला उत्तर मिळालं नाही तर निदान माणूस पुन्हा विचारतो. पण त्याला भलत्याच प्रश्नाचं अचूक उत्तर मिळतं, आणि ते अचूक असल्यामुळे कुणी खोडून काढत नाही.

तोच प्रश्न पुरा केला तर किती लांबतो? "ईश्वरी, हजेरी क्रमांक १७. सहलीचं संमतिपत्र सोमवारीच द्यायचं का, की नंतर चालेल?" एवढाच. नाव कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. पण ज्यांचा नंबर साठवलेला नाही त्यांचा मेसेज बाईंच्या फोनवर नुसत्या नंबराने किंवा त्यांनी स्वतः ठेवलेल्या नावाने दिसतो, आणि ते नाव 'साई कृपा' असू शकतं किंवा गुलाबाचं फूल. 'आमच्या मुलाला आज बरं नाही' असं गुलाबाच्या फुलाने कळवलं तर गैरहजेरी कुणाच्या नावापुढे लिहायची?

अभ्यासाच्या बाबतीतही हेच. "परिसर पान ४२ चा तिसरा?" हा प्रश्न घरात पुस्तक उघडून बसलेल्या आईला पूर्णच वाटतो. पण पाचवीला परिसर अभ्यासाची पुस्तकं दोन, भाग १ आणि भाग २, आणि पान ४२ दोन्हींत आहे. प्रश्नाचा अर्धा भाग त्या घरच्या टेबलावर उघडा पडलेला असतो आणि ग्रुपवर येतो तो उरलेला अर्धा.

यात थोडा दोष आपल्या बोलण्याच्या सवयीचाही आहे. "आणायचं का?" हे मराठीत चालणारं वाक्य आहे. कोणी आणायचं, काय आणायचं, काहीच सांगितलेलं नाही, तरी समोरासमोर ते अडत नाही, कारण वस्तू डोळ्यांपुढे असते. देवनागरीत लिहिलं तर थोडा तरी सुगावा लागतो: 'आणायची' म्हटलं की वही किंवा पट्टी असणार, 'आणायचा' म्हटलं की डबा किंवा कागद. पण घाईत रोमन अक्षरांत `anaych ka` असं टाइप केलं की शेवटचा स्वर गळतो आणि लिंगाबरोबर तो सुगावाही जातो.

दिवसांची गोष्ट तर आणखी मजेशीर. आपला 'परवा' पुढेही जातो आणि मागेही. "परवाचा पेपर कोणता?" म्हणजे झालेला की होणारा, ते क्रियापदाशिवाय कळायला मार्ग नाही. आमच्या वर्गात हिंदी बोलणारी सात-आठ घरं आहेत. त्यांच्यापैकी कुणी `kal chutti` लिहिलं की हिंदीत ते काल आणि उद्या दोन्ही होतं, आणि मराठी डोळ्यांना मात्र फक्त 'काल' दिसतं. 'उद्या'ही वाटतो तितका सरळ नाही. रात्री साडेअकराला पाठवलेला 'उद्या' कुणी सकाळी सहाला वाचला की तो आपोआप एक दिवस पुढे सरकतो. सूचनेत वार आणि तारीख दोन्ही मागितली आहेत ती म्हणूनच. तारीख चुकली तर वाराशी जुळत नाही आणि चूक लगेच डोळ्यांत भरते.

आणि प्रश्नचिन्ह. जुलैत मुसळधार पाऊस लागला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात, कधी कधी रात्री उशिरा. अशा रात्री कुणी तरी विचारायचं म्हणून "उद्या सुट्टी" एवढंच टाइप करतं. चिन्ह राहतं, प्रश्नाची बातमी होते, आणि पाच मिनिटांत ती दुसऱ्या तुकडीच्या ग्रुपवर पोचते. तिथे 'का' एवढं एक अक्षर लावलं असतं तरी पुरलं असतं.

मग ते नुसतं "मॅडम". सूचनेतला हा भाग पालकांना सगळ्यात जास्त खटकला, आणि त्यांची बाजू मला समजते. वर्गाच्या दाराशी उभं राहून "बाई, येऊ का?" म्हणायचं आणि बाईंनी मान वर केल्यावर पुढचं बोलायचं, ही आपली रीत आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६८ साली टेलिफोनवरच्या संभाषणांची सुरुवात कशी होते ते बारकाईने तपासलं होतं. फोनची घंटा ही हाक, उचलणाऱ्याचा 'हॅलो' ही ओ, आणि त्यानंतरच विषय निघतो, असं त्याने दाखवलं. दाराशी किंवा फोनवर हे सगळं दोन सेकंदांत उरकतं. ग्रुपवर हाक संध्याकाळी सातला पडते, बाई पोळ्या लाटत असतात, साडेदहाला त्या "बोला" लिहितात, तोवर हाक मारणारी आई झोपलेली असते. सकाळी ती विषय काढते तेव्हा बाई वर्गावर असतात. शिवाय ती हाक ७९ फोनांत वाजते. अदब पाळायची तर "नमस्कार मॅडम" म्हणून त्याच मेसेजमध्ये पुढे प्रश्न लिहावा. दोन्ही साधतं.

थोडक्यात लिहिणं आणि अर्धवट लिहिणं एक नाही, हे आपल्या आधीच्या पिढीला चांगलं ठाऊक होतं. तारेला शब्दावर पैसे पडत. २०१३ च्या जुलैत ती सेवा बंद होईपर्यंत लोक मोजून शब्द लिहीत, पण कोण येतंय, कधी, कोणत्या गाडीने, यातलं काही गाळत नसत. गळायचं ते 'कळविण्यास आनंद होतो'.

आता एक गोष्ट बाईंना न आवडणारी. ग्रुपवरचे निम्मे तुटक प्रश्न शाळेच्याच तुटक सूचनांमधून जन्मतात, असं माझं मत आहे. "उद्या सर्वांनी रंगीत कागद आणणे" अशी सूचना आल्यावर "किती?", "कोणता रंग?", "घोटीव की क्रेप?" असे प्रश्न येणारच. मी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरं आहे. एका सूचनेखाली तीनपेक्षा जास्त पालकांनी एकच गोष्ट विचारली, की मी समजते माझंच काहीतरी राहिलं." त्यानंतरची सूचना अशी होती: "गुरुवार, १२ तारीख. कार्यानुभव. घोटीव कागद ४, कोणतेही रंग चालतील. कात्री आणू नये, शाळेत आहे." त्याखाली एकच प्रश्न आला, डिंकाबद्दल.

प्रश्न पूर्ण करण्यालाही एक मर्यादा आहे आणि ती सूचनेच्या शेवटच्या वाक्यात आलेली आहे. मुलाचं औषध, थकलेली फी, बाकावरच्या शेजाऱ्याने मारलं ही तक्रार, असे प्रश्न नावासकट पूर्ण लिहिले की ते ७९ जणांपुढे उघडे पडतात. त्यांची जागा ग्रुपवर नाहीच. तसंच आमच्या वर्गातल्या एका आजींना लिहिता येत नाही. त्या व्हॉइस मेसेज पाठवतात, आणि सूचनेनंतर त्यांच्याइतके पूर्ण प्रश्न कुणाचेच नसतात: नातवाचं नाव, तुकडी, काय हवंय, कधी हवंय, सगळं अठरा सेकंदांत.

पाठवल्यावर काही राहिलं असं लक्षात आलं तर खाली दुसरा तुकडा जोडण्यापेक्षा तोच मेसेज दुरुस्त करावा. व्हॉट्सअॅपवर त्यासाठी १५ मिनिटं मिळतात. मात्र मधे कुणी उत्तर दिलेलं असेल तर दुरुस्ती करू नका, नवा पूर्ण प्रश्न लिहा. नाहीतर वरचा प्रश्न बदलतो, खालचं उत्तर जुनंच राहतं, आणि संमतिपत्राची कथा पहिल्यापासून सुरू होते.

सूचना बाईंनी ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवली आहे. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो. पुन्हा कधी लावायची ती तारीख त्यांनी घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, वारासकट.