गोळी चालू आहे, आई तशीच आहे

अल्झायमरच्या गोळ्या सुरू होऊन तीन-चार महिने झाले की घरचे लोक डॉक्टरांना हमखास विचारतात, "आईत काहीच फरक नाही, मग गोळी चालू ठेवायची कशाला?" प्रश्न रास्त आहे. गोळी सुरू करतानाच तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून तो पडतो.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. ७४ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. स्मरणशक्तीच्या ३० गुणांच्या चाचणीत त्यांना २० गुण मिळाले. डॉक्टरांनी डोनेपेझिल दिलं: आधी रोज ५ मिलिग्रॅम, चार ते सहा आठवड्यांनी सोसतंय असं पाहून १०. रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामाइन ही याच गटातली औषधं. रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर लावायची पट्टीही मिळते; गोळीने मळमळ होणाऱ्यांना ती बरी पडते.

आठवण आणि लक्ष यांसाठी मेंदूतल्या काही पेशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडून पुढच्या पेशीला निरोप देतात. निरोप पोहोचला की एक विकर ते रसायन लगेच मोडून टाकतं. अल्झायमरमध्ये हे रसायन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. डोनेपेझिल त्या विकराला अडवतं, त्यामुळे जे थोडं रसायन सुटतं ते जास्त वेळ टिकतं. पेशींचं मरणं मात्र औषध थांबवत नाही. पेशी कमी होत गेल्या की टिकवायला रसायनही कमी उरतं. औषधाची मर्यादा त्याच्या कामाच्या पद्धतीतच आहे.

आता फायदा किती? सहा महिन्यांच्या चाचण्यांत, ७० गुणांच्या मोजपट्टीवर, औषध घेणारे इतरांपेक्षा सरासरी अडीच-तीन गुणांनी बरे राहिले. ३० गुणांच्या चाचणीत हा फरक जेमतेम एक-दीड गुणाचा. औषधाविना वर्षाला साधारण दोन-तीन गुण घसरतात. म्हणजे आजाराचं घड्याळ सरासरी सहा-एक महिने मागे सरकतं आणि तिथून पुढे पुन्हा चालू लागतं. या शिक्षिकाबाईंना सहा महिन्यांनीही २०च गुण मिळाले, तर घरच्यांना वाटणारा "काहीच फरक नाही" हाच कदाचित औषधाचा गुण असेल. 'कदाचित' म्हणायचं, कारण काहींचा आजार मुळातच संथ असतो आणि काहींना औषध लागूच पडत नाही. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी घरच्यांनी लिहून ठेवावं: चहा स्वतः करता येतो का, साडी नीट नेसतात का, एकच प्रश्न तासात किती वेळा विचारतात. सहा महिन्यांनी तोच कागद काढून पाहावा. गुणांपेक्षा मला या कागदाचा भरवसा जास्त वाटतो.

ॲसिटिलकोलीन पोटात, हृदयात आणि मूत्राशयातही काम करतं. म्हणून मळमळ, जुलाब, वजन घटणं. या बाई रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल घेत होत्या. तेही नाडी मंद करतं आणि डोनेपेझिलही. एके सकाळी न्हाणीघरात त्यांना घेरी आली. नाडी ४४ निघाली. अशा वेळी "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये, नाडी मोजावी आणि डॉक्टरांना सगळ्या औषधांची यादी दाखवावी. दुसरा घोळ याहून लक्षात यायला कठीण. गोळीमुळे लघवी आवरेनाशी होते, मग कुणी ऑक्सिब्युटिनिन लिहून देतं. ते ॲसिटिलकोलीनचंच काम अडवतं. एक गोळी गाडी पुढे ढकलते, दुसरी मागे ओढते आणि विसरभोळेपणा वाढतो. दुकानातून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनही हेच करतं.

मेमँटाइनचा मार्ग वेगळा. आजारी मेंदूत ग्लुटामेट या रसायनाची सतत बारीक खळबळ चालू असते. मेमँटाइन त्या पेशींच्या दारात सैलसर बसून ती खळबळ अडवतं, पण खरा जोराचा निरोप आला की बाजूला होतं. रोज ५ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत २० पर्यंत नेतात. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर कमी. आजार मध्यम किंवा तीव्र झाल्यावरच त्याचा उपयोग दिसतो, आणि तोही थोडाच. सुरुवातीच्या अवस्थेत फायदा झाल्याचा भक्कम पुरावा नाही.

मग थांबवायचं कधी? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, डोनेपेझिल घेत असलेल्या आणि आजार मध्यम-तीव्र झालेल्या २९५ रुग्णांपैकी काहींचं औषध चालू ठेवलं, काहींचं बंद केलं. चालू ठेवलेल्यांना ३० गुणांच्या चाचणीत सरासरी १.९ गुण जास्त मिळाले. म्हणजे आजार वाढला एवढ्यावरून गोळी निरुपयोगी ठरत नाही. पण रुग्ण जेवत नसेल, वजन उतरत असेल, घेरी येत असेल, किंवा अंथरुणाला खिळून कुणालाच ओळखत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी. पुढच्या काही आठवड्यांत वागण्यात किंवा हालचालीत एकदम घसरण दिसली, तर गोळी उपयोगी पडत होती असं समजून ती लवकर पुन्हा सुरू करता येते.